दहा रिळे, तीन बिल्ट्या आणि एक पत्र

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार तयार होते. एका खोक्यात चार रिळे, एका रिळावर सहा किलो तार. नागपूरच्या डीलरकडे महिन्या-दीड महिन्याने तीस खोकी जातात. पूर्ण ट्रक भरेल एवढा माल नसल्याने तो इतरांच्या मालाबरोबर, म्हणजे पार्ट लोडने जातो. तांबे असे आहे की एक रीळ पिशवीत घालून नेता येते आणि भंगारात किंवा रिवाइंडिंगच्या दुकानात लगेच खपते. आमच्या बीजकाच्या दराने एका रिळाचे 5,400 रुपये होतात. पूर्ण ट्रक लुटायला टोळी लागते, एक रीळ उचलायला एक धारदार पान आणि दोन मिनिटे पुरतात.

2024 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये एकाच ट्रान्सपोर्टरकडून चार खेपा गेल्या. तीन खेपांत मिळून दहा रिळे कमी आली. नुकसान 54,000 रुपयांचे. रक्कम फार मोठी नाही, आणि अशी प्रकरणे वर्षानुवर्षे चालू राहतात ती त्यामुळेच. प्रत्येक वेळी वाटते, एवढ्यासाठी कोण भांडत बसणार.

पहिली खेप 12 ऑगस्टला बुक झाली. डीलरने खोकी गोदामात रचून ठेवली आणि विक्रीसाठी फोडायला घेतली तेव्हा, म्हणजे बारा दिवसांनी, दोन रिळे कमी असल्याचे त्याच्या लक्षात आले. तोवर पोचपावतीवर त्याच्या मुलाने "माल बरोबर मिळाला" लिहून शिक्काही मारला होता. आम्ही आमच्याच पॅकिंगवर संशय घेतला. पॅकिंगच्या दोन मुलींना साहेबांनी बोलावून विचारले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे मला अजून आठवते. दोन रिळांची क्रेडिट नोट देऊन आम्ही विषय मिटवला. ट्रान्सपोर्टरला फक्त फोन केला, तोही कोणाच्या लक्षात राहील असा नव्हता.

दुसरी खेप, 9 सप्टेंबरची, चोख पोचली. तिसरी, 14 ऑक्टोबरची, तीन रिळांनी कमी. या वेळी डीलरने दोन दिवसांतच खोकी फोडून ई-मेल केला, पण पोचपावती पुन्हा स्वच्छ. सोबत त्याने एक फोटो पाठवला होता आणि मला तो फोटो महत्त्वाचा वाटला. खोक्याच्या वरच्या बाजूची आमची छापील टेप जशीच्या तशी होती. खालच्या बाजूला मात्र छापील टेपेवर साधी तपकिरी टेप चढवलेली. खोके उलटे करून तळाची टेप कापलेली, रीळ काढलेले, मोकळ्या जागेत पुठ्ठ्याचे बोळे कोंबलेले, म्हणजे हलवले तरी आत खडखडाट नको. हे पॅकिंगच्या मुलींचे काम नाही एवढे त्या दिवशी कळले. साहेबांनी त्यांना तसे सांगितलेही.

चौथ्या खेपेआधी आम्ही दोनच गोष्टी केल्या. प्रत्येक खोके वजनकाट्यावर ठेवून वजन मोठ्या अक्षरांत लेबलवर लिहिले. भरलेले खोके 25.8 किलोचे. एक रीळ रिकाम्या बॉबिनसह 6.3 किलोचे भरते, म्हणजे एक गेले तर 19.5 आणि दोन गेली तर 13.2. मधला कुठलाही आकडा येण्याचे कारण नाही. दुसरे, डीलरला सांगितले की गाडीवरून उतरणारे प्रत्येक खोके काट्यावर ठेवल्याशिवाय सही करायची नाही. तो म्हणाला, "ड्रायव्हर थांबत नाही जी, त्याला पुढं जायची घाई असते." मी म्हटले, तीस खोक्यांना अर्धा तास लागेल, चहा पाजा.

18 नोव्हेंबरला बुक केलेला माल 21 ला नागपुरात पोचला. डीलरचा फोन आला, "भाऊ, तीन डबे हलके लागून राहिले." दोन खोकी 13.2 किलोची, एक 19.5 चे. पाच रिळे गेली होती. पुठ्ठ्याचे बोळे याही वेळी होते. ड्रायव्हर आधी सही करायला तयार होईना. मग डीलरने पोचपावतीच्या सर्व प्रतींवर शेरा लिहिला: "30 पैकी 3 नग वजनात कमी, तळाला दुसरी टेप, एकूण वजन 742.5 किलो, नग ड्रायव्हरसमोर मोजले." खाली ड्रायव्हरची सही, गाडीचा नंबर आणि वेळ. काट्यावरच्या तिन्ही खोक्यांचे फोटो. पुढे जे काही मिळाले ते या एका शेऱ्यावर मिळाले.

आता चारही बिल्ट्या, म्हणजे माल बुक केल्याच्या ट्रान्सपोर्टरच्या पावत्या, समोर ठेवल्यावर एक गोष्ट दिसली, जी आधी दिसायला हवी होती. चोख पोचलेली सप्टेंबरची खेप भोसरीतून निघालेल्या गाडीतच थेट नागपूरला गेली होती, कारण त्या दिवशी ट्रान्सपोर्टरकडे नागपूरचा भरपूर माल होता. मालासोबत जाणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलावर शेवटपर्यंत एकच गाडी. उरलेल्या तिन्ही खेपांच्या ई-वे बिलांवर वाटेत गाडीचा नंबर बदललेला, बदलाचे ठिकाण छत्रपती संभाजीनगर. म्हणजे तिथल्या गोडाऊनात माल उतरला, रात्रभर थांबला आणि दुसऱ्या गाडीत चढला. ही नोंद ई-वे बिल काढणाऱ्याला पोर्टलवर पाहता येते, पण कमी आलेल्या मालाच्या तक्रारीत ती जोडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

याने चोर कोण ते सिद्ध होत नाही. चार खेपांवरून तसे म्हणणे धाडसाचे आहे, कारण नागपूरच्या गोडाऊनातही माल काही तास पडून असतो. पण कुठे शोधायला सुरुवात करायची, हे यातून नक्की कळते.

साहेबांनी लिहिलेला पहिला मसुदा माझ्याकडे आला तेव्हा त्याची सुरुवात होती, "तुमचे हमाल सराईत चोर आहेत हे आम्हाला पक्के माहीत आहे." पुढे झालेला मनस्ताप, डीलरपुढे गेलेली पत आणि भरपाई दोन लाख. शेवटी पोलिसांची धमकी. मी सगळेच काढले, आणि त्यामागचे कारण सौजन्य नव्हते. जे सिद्ध करता येत नाही त्याने पत्र सुरू केले की उत्तरही त्याच वाक्याला येते, आणि वजनाचा मुद्दा बाजूला पडतो. गेलेली पत हा आकडा कोणी देत नाही. तो मागितला की बाकीचे खरे आकडेही फुगवलेले वाटतात.

कायद्याचे म्हणाल तर तीन गोष्टी पत्रात याव्या लागतात. रस्त्यावरच्या मालवाहतुकीला 2007 चा कॅरेज बाय रोड ॲक्ट लागू आहे. त्याच्या कलम 16 नुसार नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत दिली नाही तर दावा लावताच येत नाही. आधीच्या 1865 च्या कायद्यात मुदत नुकसान कळल्यापासून सहा महिने होती. जुने लोक अजून तसेच मोजतात आणि फसतात. आमच्या ऑगस्टच्या खेपेची मुदत 8 फेब्रुवारी 2025 ला संपत होती. दुसरे, माल का हरवला, कोणाच्या निष्काळजीपणाने हरवला, हे दावा करणाऱ्याने सिद्ध करायचे नसते. माल वाहतूकदाराच्या ताब्यात होता आणि कमी पोचला, एवढे दाखवावे लागते. तिसरे, भरपाईला मर्यादा आहे. जादा जोखमीचा दर ठरवून भाडे भरले नसेल तर भरपाई भाड्याच्या दहा पट रकमेपर्यंत.

या तिसऱ्या मुद्द्याला लोक घाबरतात, म्हणून हिशेब करून पाहा. आमची खेप 774 किलोची, भाडे किलोला पाच रुपये, म्हणजे 3,870. दहा पट 38,700. नोव्हेंबरचे नुकसान 27,000, मर्यादेच्या आत. भुरट्या चोरीत ही मर्यादा सहसा आडवी येत नाही. ती आडवी येते सगळी खेपच गायब झाली तर. आमच्या तीस खोक्यांची किंमत 6,48,000 आणि हातात येणार 38,700. तेव्हा आधार विम्याचाच. आमच्या विम्यात प्रत्येक खेपेचे पहिले दहा हजार आम्हीच सोसायचे असल्याने छोट्या चोऱ्यांत तो फारसा उपयोगी नव्हता. तरी पत्राची प्रत विमा कंपनीला पाठवली. पुढेमागे मोठा दावा आलाच तर वाहतूकदाराकडे वेळेत मागणी केली होती का, हे ती आधी विचारते.

पत्र 28 नोव्हेंबरला गेले. नावे गाळून ते असे:

प्रति,
व्यवस्थापक, नोंदणीकृत कार्यालय
प्रत: पुणे शाखा, नागपूर शाखा

विषय: तीन खेपांत वाहतुकीदरम्यान माल कमी आल्याबाबत भरपाईची मागणी व नोटीस (कॅरेज बाय रोड ॲक्ट, 2007, कलम 16)

महोदय,

आपल्यामार्फत भोसरी ते नागपूर पाठवलेल्या तीन खेपांत तांब्याच्या तारेची एकूण दहा रिळे (60 किलो) कमी मिळाली आहेत. 12 ऑगस्ट 2024 च्या बिल्टीत 2 रिळे, 14 ऑक्टोबर 2024 च्या बिल्टीत 3 रिळे आणि 18 नोव्हेंबर 2024 च्या बिल्टीत 5 रिळे. बिल्ट्या, बीजके व ई-वे बिलांच्या प्रती सोबत आहेत.

नोव्हेंबरच्या खेपेचे वजन बुकिंगच्या वेळी आपल्या पुणे शाखेच्या काट्यावर 774 किलो भरले. ते बिल्टीवर नोंदलेले आहे आणि आपण त्यावरच भाडे आकारले आहे. नागपूरला ड्रायव्हरसमोर वजन 742.5 किलो भरले. फरक 31.5 किलोचा, म्हणजे बॉबिनसह पाच रिळांचा आहे. शेरा व सही असलेली पोचपावती आणि फोटो जोडले आहेत. ऑक्टोबरच्या खेपेतील खोक्यांचा तळही अशाच प्रकारे कापून दुसरी टेप लावलेली होती, त्याचे फोटो सोबत आहेत. ऑगस्ट व ऑक्टोबरच्या पोचपावत्यांवर शेरा नाही हे आम्हाला मान्य आहे. परंतु पद्धत तीच असल्याने तिन्ही खेपा एकत्र पाहाव्यात.

या तिन्ही खेपांत छत्रपती संभाजीनगर येथे गाडी बदलली आहे. 9 सप्टेंबरची खेप गाडी न बदलता गेली आणि ती पूर्ण पोचली. आम्ही कोणावरही आरोप करत नाही. मात्र 18 ते 20 नोव्हेंबरचे त्या गोडाऊनातील तसेच नागपूर गोडाऊनातील सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्यापूर्वी जपून ठेवावे आणि माल उतरवल्या-चढवल्याचे टॅली पत्रक आम्हाला द्यावे, ही पहिली विनंती.

मागणी: मालाची बीजकाप्रमाणे किंमत 54,000 रुपये, आणि हरवलेल्या मालातील तांब्यावरचे जीएसटीचे क्रेडिट आम्हाला परत करावे लागल्याने 8,424 रुपये. एकूण 62,424 रुपये, पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत.

यापुढच्या खेपांसाठी: आमची खोकी गाडीच्या पुढच्या भागात, केबिनलगत लावावीत. वाटेत गाडी बदलावी लागली तर उतरवताना व चढवताना नगांसोबत वजनही घेऊन बिल्टीवर लिहावे. बंद गाडीच्या सीलचा नंबर बिल्टीवर असावा. या तीन गोष्टींची जबाबदारी कोणाकडे असेल त्या व्यक्तीचे नाव 7 दिवसांत कळवावे.

वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाच्या अपहाराबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 नुसार तक्रार करण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.

आपला,

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने नोंदणीकृत कार्यालयाला आणि ई-मेलने दोन्ही शाखांना गेले. शाखेत हाताने दिलेले पत्र टेबलावरून कुठे जाते हे सगळ्यांना माहीत आहे.

जीएसटीच्या 8,424 रुपयांबद्दल थोडे सांगतो, कारण हा आकडा लोक विसरतात. डीलरला क्रेडिट नोट दिली की विक्रीवरचा कर कमी होतो, पण चोरीला गेलेल्या मालासाठी घेतलेल्या कच्च्या मालावरचे क्रेडिट ठेवता येत नाही, ते परत करावे लागते. साठ किलो तांबे 780 रुपयांनी, त्यावर 18 टक्के. हा खर्च खराच झाला होता. आमच्या सीएने काढून दिलेला कागद आम्ही पत्राला जोडला.

नऊ दिवसांनी उत्तर आले, अपेक्षित तेच. बिल्टीवर "आतील माल पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार" असे छापले आहे, आम्ही फक्त तीस नग घेतले आणि तीस दिले. माल मालकाच्या जोखमीवर आहे. पोचपावती स्वच्छ आहे.

पहिल्या मुद्द्याला वजनाने उत्तर दिले. तुम्ही नगांवर भाडे घेत नाही, किलोवर घेता. काटा तुमचा, आकडा तुमच्या बिल्टीवर. तीस नग पोचले, पण साडेएकतीस किलोंचे भाडे घेऊन ते किलो पोचवले नाहीत. दुसऱ्या मुद्द्याला कायद्याने. आपल्या नोकराच्या किंवा हस्तकाच्या गुन्ह्यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कलम 12 वाहतूकदारावरच टाकते, "मालकाच्या जोखमीवर" असा शिक्का मारून ती सुटत नाही. तिसरा मुद्दा मात्र खरा होता. ऑगस्ट आणि ऑक्टोबरला पोचपावती स्वच्छच होती, आणि पोचताना वजनही घेतले नव्हते. कारखान्यात भरलेले रीळ नागपूरला निघण्याआधीच गेले, असे कोणी म्हटले असते तर आमच्याकडे फोटोतल्या टेपेपलीकडे काही नव्हते.

साहेबांचे म्हणणे होते की थकलेल्या भाड्यातून सरळ कापून घेऊ. तीन खेपांचे भाडे 11,610 रुपये देणे होते. मी विरोध केला. करारात तशी तरतूद नसताना भाडे अडवले की मुद्दा कमी मालाचा राहत नाही, थकीत भाड्याचा होतो, आणि पुढची खेप त्यांच्या गोडाऊनात अडकून पडते. ज्या डीलरसाठी हे सगळे चालले होते त्याचाच माल थांबला असता. भाडे वेळेवर दिले, आणि दिल्याचे दुसऱ्या पत्रात लिहिले.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचे पुण्याचे व्यवस्थापक स्वतः आले. चहा झाला, बिल्ट्या टेबलावर पसरल्या. सीसीटीव्हीचे त्यांनी सांगितले की संभाजीनगरच्या गोडाऊनात कॅमेरा फाटकावर आहे, माल रचतात तिथे नाही. खरे असेल. नसेलही. पण त्यांच्या टॅली पत्रकात तिन्ही रात्री नगांची संख्या होती आणि वजनाचा रकाना कोरा होता, हे त्यांनीच वाचून दाखवले आणि थोडे गप्प झाले.

शेवटी ठरले ते असे. नोव्हेंबरचे 27,000 पूर्ण. ऑक्टोबरचे, फोटो असल्यामुळे, निम्मे म्हणजे 8,100. ऑगस्टचे काही नाही. जीएसटीचे 8,424 त्यांनी मान्य केले नाहीत आणि आम्ही त्यासाठी अडून बसलो नाही, कारण पुढचा रस्ता दिवाणी कोर्टाचा होता आणि धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येत नाही. 62,424 पैकी 35,100 आले, तेही दोन हप्त्यांत. आलेली रक्कम कोणत्या दोन बिल्ट्यांपोटी आहे आणि ऑगस्टच्या मागणीवरचा हक्क आम्ही सोडलेला नाही, हे आम्ही पावतीवर लिहून घेतले. ती ओळ लिहायला त्यांनी खळखळ केली. तिचा पुढे उपयोग झाला नाही, पण "सर्व मागण्या पूर्ण" अशी छापील पावती त्यांनी आणली होती, तिच्यापेक्षा ती बरी.

सुधारणांचे सांगायचे तर सीलचा नंबर बिल्टीवर येऊ लागला, तो लिहायला काहीच लागत नाही म्हणून. खोकी केबिनलगत लावतात की नाही हे भोसरीत भरताना आमचा माणूस पाहतो. गाडी बदलल्यावर ती कुठे लागतात हे आम्हाला दिसत नाही. मधल्या गोडाऊनातले वजन पहिल्या दोन खेपांना लिहिले, तिसऱ्याला विसरले. त्या तिन्ही खेपा पूर्ण पोचल्या. चोरी करणारा सुधारला, हलवला गेला की फक्त सावध झाला, ते कळायला मार्ग नाही. वजनाच्या या युक्तीलाही मर्यादा आहेच. लेबल वाचणाऱ्याने 6.3 किलोची वीट कोंबली तर काटा काही बोलणार नाही. म्हणून आता तळाच्या छापील टेपेवर अनुक्रमांक असतो, आणि तो क्रमांक डीलरला आदल्या दिवशी फोनवर कळवलेला असतो.

डीलर आता न सांगता काटा बाहेर काढून ठेवतो. ड्रायव्हरही थांबतात. चहाचा खर्च महिन्याच्या हिशेबात तो आमच्या नावे लावतो, आणि मी तो पास करतो.